कार्बामॅझेपिन सुरू होतंय? पहिल्या तीन महिन्यांचा हिशेब

माझ्या मेडिकलच्या काउंटरवर कार्बामॅझेपिनच्या चिठ्ठ्या मुख्यतः दोन प्रकारच्या घरांतून येतात. एक, जिथं कुणाला फिट येतात. दुसरं, जिथं वयस्कर माणसाच्या गालात दात घासताना, घास चावताना, कधी नुसत्या वाऱ्याच्या झोताने विजेचा झटका बसावा तशी कळ जाते. या दुसऱ्या दुखण्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. यातल्या बऱ्याच जणांनी आधी दोन-तीन दाढा उपटून घेतलेल्या असतात आणि कळ तशीच असते. या दुखण्यावर कार्बामॅझेपिन आजही पहिल्या पसंतीचं औषध आहे, आणि उतारही अनेकांना दोन-तीन दिवसांतच पडतो.

तेवढंच ते सांभाळून घ्यायचं औषध आहे. अंगावरची घातक पुरळ, रक्तातलं सोडियम घसरणं आणि दुसऱ्या औषधांशी भांडण, हे त्याचे तीन मोठे धोके. पुरळीचा धोका जवळजवळ सगळा पहिल्या दोन-तीन महिन्यांतला. सोडियमही बहुधा त्याच काळात उतरतं. औषधांच्या भांडणाला मुदत नाही, ते गोळी चालू असेपर्यंत असतं. म्हणून मी गिऱ्हाइकाला पहिली पट्टी देताना एका कागदावर तीन महिन्यांचं वेळापत्रक लिहून देते. खाली तेच सविस्तर मांडलंय. सोबत एका काकूंचं उदाहरण घेतलंय. ओळख पटू नये म्हणून त्यांचे तपशील बदललेत.

काकू सोलापूरच्या पूर्व भागातल्या, वय ६३, आयुष्यभर बिड्या वळलेल्या. उजव्या गालात कळ. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्र गोळी चालू, कोलेस्टेरॉलसाठी ॲटॉरव्हास्टॅटिन. महिना एप्रिलचा, पारा चाळिशीच्या पार. हे सगळे तपशील पुढे कामाला येणार आहेत, उन्हाळासुद्धा.

पहिली गोळी घेण्याआधी

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या. नुसतं "बीपीची एक गोळी आहे" म्हणून भागत नाही. त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलंय की नाही यावर पुढची निम्मी काळजी ठरते. ओळखायची सोपी खूण म्हणजे बीपीच्या गोळीच्या नावापुढे "एच" किंवा "सीटी" अशी अक्षरं असणं. एच असेल तर बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड आणि सीटी असेल तर क्लोरथॅलिडोन. अक्षरांवर विसंबायचं नसेल तर पट्टीच्या मागे बारीक अक्षरात घटक छापलेले असतात, ते मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या.

पूर्वी कोणत्या औषधाने पुरळ आली होती का, हे आठवून सांगा. फेनिटोइन, फेनोबार्बिटोन, लॅमोट्रिजिन, ऑक्सकार्बाझेपिन ही फिटची औषधं रासायनिकदृष्ट्या कार्बामॅझेपिनची भावकी आहेत. एकाने अंगावर पुरळ उठवली असेल तर दुसऱ्याने उठण्याची शक्यता वाढते. ऑक्सकार्बाझेपिनच्या बाबतीत तर कार्बामॅझेपिनची ॲलर्जी झालेल्यांपैकी साधारण २५ ते ३० टक्के लोकांना त्याचीही होते. "ते सोसलं नाही म्हणून हे देतो" असं कुणी म्हणालं तर हा आकडा लक्षात असू द्या.

रक्ताच्या चार तपासण्या आधी करून ठेवाव्यात: सीबीसी, यकृताची तपासणी, क्रिएटिनिन आणि सोडियम. पुढे काही बिघडलं तर तुलना करायला सुरुवातीचा आकडा हाताशी हवा. काकूंचं सोडियम १३७ आलं. १३५ ते १४५ हे नेहमीचं.

जीनची तपासणी, आणि आडनावावरून काय कळत नाही

२००४ साली तैवानच्या संशोधकांनी एक गोष्ट दाखवून दिली. कार्बामॅझेपिनने स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम झालेले हान चिनी वंशाचे ४४ रुग्ण त्यांनी तपासले, आणि ४४ च्या ४४ जणांत एकच जनुकीय खूण सापडली. या आजारात त्वचा भाजल्यासारखी सुटते, तोंड, डोळे, लघवीची जागा सोलवटते. अंगाचा मोठा भाग सुटला तर त्यालाच टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस म्हणतात, आणि त्यात दर दहांतले सुमारे तीन रुग्ण दगावतात. ती खूण लॅबच्या फॉर्मवर HLA-B*15:02 अशी छापलेली असते. एचएलए म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं, जी शरीराच्या पहारेकऱ्यांना आपलं कोण आणि परकं कोण ते दाखवतात. या एका प्रकारच्या प्रथिनाशी कार्बामॅझेपिन थेट जोडलं जातं आणि पहारेकरी पेशी आपल्याच त्वचेवर तुटून पडतात.

२००७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी या औषधाच्या माहितीपत्रकात इशारा घातला: आशियाई वंशाच्या रुग्णांची ही तपासणी गोळी सुरू करण्याआधी करावी. २०११ मध्ये तैवानमध्येच मोठी चाचणी झाली. तिथं साडेचार हजारांहून जास्त लोकांची आधी तपासणी केली, खूण असणाऱ्यांना दुसरं औषध दिलं आणि बाकीच्यांना कार्बामॅझेपिन. कुणालाही स्टीव्हन्स-जॉन्सन झाला नाही. सिंगापूरमध्ये आणि थायलंडमध्ये आता ही तपासणी नेहमीच्या व्यवहारात आहे.

आता आपल्याकडचं बघू. हान चिनी, थाई, मलेशियन, फिलिपिनो लोकांत ही खूण बरीच आढळते, अनेक गटांत शंभरात ५ ते १५ जणांत. जपानी आणि कोरियन लोकांत एक टक्क्याहून कमी. भारतीयांत सरासरी शंभरात २ ते ४ जणांत असते, काही समाजांत जास्त. भारतातल्या एका अगदी छोट्या अभ्यासात कार्बामॅझेपिनने स्टीव्हन्स-जॉन्सन झालेल्या ८ पैकी ६ रुग्णांत ती सापडली. आकडा लहान आहे, पण "हा चिनी लोकांचा प्रश्न आहे" म्हणून हात झटकता येणार नाहीत, एवढं त्यातून नक्की कळतं.

सोलापुरात मला या विषयावर एक प्रश्न हमखास येतो. "ताई, आम्ही तेलुगू, आम्हाला जास्त का?" तसाच कन्नड बोलणाऱ्यांकडून आणि मराठ्यांकडूनही येतो. घरात कोणती भाषा बोलतात किंवा आडनाव काय, यावरून ही खूण ओळखता येत नाही. "आशियाई" हा शब्द इशाऱ्यात आहे तो लोकसंख्येच्या सरासरीपुरता. एका माणसाबद्दल फक्त रक्त सांगतं. पूर्व भागात आणि लष्कर भागात वेगळा नियम लावायला आज कुणाकडे आधार नाही.

रिपोर्ट कसा वाचायचा ते नीट समजून घ्या, कारण गडबड इथंच होते. पॉझिटिव्ह आलं तर गोळी घेतल्यावर पुरळ येणारच असं नाही. खूण असलेल्या शंभर जणांनी गोळी घेतली तरी बहुतेकांना काही होत नाही, दहाच्या आतच लोकांना ती घातक पुरळ येते. तरीही डॉक्टर गोळी टाळतात, कारण पर्याय आहेत आणि आजार जीवघेणा आहे. निगेटिव्ह आलं म्हणजे स्टीव्हन्स-जॉन्सनची शक्यता खूप कमी झाली, शून्य झाली नाही. शिवाय डीआरईएसएस नावाची एक वेगळी प्रतिक्रिया असते, जिच्यात पुरळीबरोबर ताप येतो आणि यकृत सुजतं. तिचा या खुणेशी फारसा संबंध नाही. तिचा आणि साध्या पुरळीचाही संबंध दुसऱ्या एका खुणेशी आहे, फॉर्मवर HLA-A*31:01. ती युरोपीय आणि जपानी लोकांत जास्त अभ्यासली गेली आहे. तपासणी करताना डॉक्टरांना विचारा की एकच करायची की दोन्ही.

आपल्या गावातल्या बऱ्याच लॅब हा नमुना बाहेरगावी पाठवतात. किती दिवस लागतील आणि किती पैसे, हे रक्त देण्याआधी विचारा. फिटच्या रुग्णाला तेवढे दिवस औषधाविना ठेवता येत नाही, म्हणून डॉक्टर बहुधा लेव्हेटिरासिटॅमसारखं दुसरं औषध लगेच सुरू करतात. गालाच्या कळेसाठी काकूंना रिपोर्ट येईपर्यंत गॅबापेंटिन दिलं होतं. कळ पूर्ण गेली नाही, पण जेवता येऊ लागलं. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि मगच कार्बामॅझेपिन सुरू झालं.

वर्षानुवर्षं ही गोळी विनातक्रार घेणाऱ्याने मात्र या लेखामुळे तपासणीला पळू नये. ज्यांना ही प्रतिक्रिया होते त्यांतल्या ९० टक्क्यांहून जास्त जणांना ती पहिल्या काही महिन्यांतच होते. तो काळ ओलांडला की खूण असली तरी धोका फार कमी.

सुरुवात हळू

काकूंना आधी रात्री १०० मिलिग्रॅम, तीन-चार दिवसांनी सकाळ-रात्र १००, आठवड्यानंतर गरजेप्रमाणे वाढ, असं लिहून दिलं होतं. पहिल्या दिवसांत झोप, चक्कर, मळमळ होते आणि बहुधा आठवडाभरात ओसरते. गोळीवर सीआर लिहिलं असेल तर ती चावू किंवा कुटू नका. तिच्यातलं औषध हळूहळू सुटायचं असतं आणि कुटल्यावर ते एकदम अंगात जातं. कळ थांबत नाही म्हणून स्वतःच डोस दुप्पट करणारे लोक मी बघते. त्यांनाच आठवडाभरात चालताना भिंत धरावी लागते.

चौथा दिवस ते आठवा आठवडा: अंगावर लक्ष

दर दहा ते वीस जणांमागे एकाला या गोळीने साधी पुरळ येते. ती आणि घातक पुरळ सुरुवातीला सारखीच दिसू शकतात, म्हणून "साधीच असेल" हा निर्णय घरी घ्यायचा नाही. घातक पुरळ बहुधा पहिल्या चार आठवड्यांत उठते, डीआरईएसएस दोन ते आठ आठवड्यांत.

आपल्या उन्हाळ्यात अडचण अशी की घामोळं घराघरांत असतं. काकूंच्या पाठीवर आणि मानेवर अकराव्या दिवशी लाल पुटकुळ्या उठल्या. सूनबाई म्हणाल्या, "उष्णतेचं आहे." असेलही, पण ते ठरवायला पुढच्या गोष्टी बघायच्या. घामोळं घाम साठतो तिथं येतं: मानेत, पाठीवर, काखेजवळ, कपडा घासतो तिथं. ते टोचतं, पण माणूस आजारी वाटत नाही. औषधाची पुरळ छाती-पोटापासून दोन्ही बाजूंना सारखी पसरते, घाम न येणाऱ्या जागीही येते आणि पंख्याखाली बसून कमी होत नाही. अंगात कणकण आहे का, थर्मामीटर लावून बघा. टॉर्च घेऊन तोंडात बघा. डोळे लाल आहेत का, चुरचुरतात का ते विचारा. पुरळीला हात लावल्यावर खाज सुटते की दुखते, हे विचारा, दुखणं वाईट. काकूंना ताप नव्हता, तोंड स्वच्छ होतं, डोळे ठीक होते. तरी संध्याकाळच्या गोळीआधी त्या डॉक्टरांना दाखवून आल्या. घामोळंच निघालं आणि गोळी चालू राहिली.

आपल्याकडचं एक वाक्य मला या औषधाच्या बाबतीत फार धोक्याचं वाटतं: "उष्णतेने तोंड आलंय, सब्जा घे." कार्बामॅझेपिन सुरू होऊन दोन महिने झाले नसतील आणि तोंड आलं, घसा दुखतो, डोळे चुरचुरतात, ताप आहे, तर अंगावर एकही डाग नसला तरी ती सुरुवात असू शकते. स्टीव्हन्स-जॉन्सनमध्ये पुरळीच्या एक ते तीन दिवस आधी फ्लूसारखं वाटतं. सब्जा, गुलकंद आणि तोंडातलं मलम यात जे दोन दिवस जातात तेच महागात पडतात. औषध जितक्या लवकर थांबतं तितकी वाचण्याची शक्यता वाढते.

मग करायचं काय? पुरळीबरोबर ताप, तोंडात किंवा डोळ्यांत त्रास, फोड, काळपट-जांभळे गोल डाग, सोलणारी किंवा दुखणारी कातडी, चेहऱ्यावर सूज किंवा मानेत गाठी, यातलं एक जरी असेल तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जायचं. क्लिनिक उघडायची वाट बघायची नाही. जिथं आयसीयू आहे, त्वचारोग आणि डोळ्यांचे डॉक्टर आहेत अशा ठिकाणी जा, म्हणजे सिव्हिलसारख्या किंवा तशी सोय असलेल्या खासगी रुग्णालयात. यातलं काही नसेल, नुसती पुरळ असेल, तर पुढच्या गोळीच्या वेळेआधी डॉक्टरांना फोन करा किंवा दाखवा. ते बहुधा औषध थांबवायलाच सांगतील.

फिटच्या रुग्णाचं दुहेरी संकट असतं. एरवी फिटची गोळी अचानक बंद करणं म्हणजे लागोपाठ फिट ओढवून घेणं. पण धोक्याच्या पुरळीत ती बंद करावीच लागते, म्हणून दुसरं औषध त्याच दिवशी सुरू होणं गरजेचं. रुग्णालयात गेल्या गेल्या सांगा: "फिटची गोळी चालू होती, पुरळीमुळे थांबवली, शेवटची गोळी अमुक वाजता घेतली." आणि पट्टी सोबत न्या. तिथल्या डॉक्टरांनी पर्याय म्हणून फेनिटोइन निवडलं, तर आपल्या माणसाला पुरळ कशाने आली हे त्यांना पुन्हा एकदा सांगा.

डीआरईएसएस वेगळा दिसतो. पुरळ, ताप, चेहऱ्यावर सूज, मानेत-काखेत गाठी, आणि रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, यकृताचे आकडे चढलेले. तो कधीकधी कावीळ किंवा व्हायरल ताप म्हणून दिवसेंदिवस हाताळला जातो. तापाच्या डॉक्टरांना "सहा आठवड्यांपूर्वी ही गोळी सुरू झाली" एवढं वाक्य सांगितलं तर निदानाचा रस्ता बदलतो.

सोडियम: पाणी जास्त झाल्याचा प्रकार

कार्बामॅझेपिनमुळे मूत्रपिंड पाणी बाहेर टाकायला कुचराई करतं. शरीरात पाणी साठतं आणि त्यात सोडियम पातळ होतं. थायझाइडसारखं लघवीचं औषध सोबत असेल तर सोडियम बाहेरही जातं आणि दोन्ही बाजूंनी ओढ बसते. वय साठीपुढचं, स्त्री असणं, नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या चालू असणं, डोस मोठा असणं, यांनी धोका वाढतो. काकूंच्या बाबतीत यातलं तीन गोष्टींचं जमून आलं होतं, आणि वर उन्हाळा. डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे सांगतात, "पाणी भरपूर प्या." काकू दिवसभर माठातलं पाणी आणि ताक पीत होत्या.

पंधराव्या दिवशी डोकं जड, मळमळ, पायात जोर नाही. उठताना दोनदा तोल गेला. घरच्यांना वाटलं, नव्या गोळीची सवय होतेय. दोन्ही शक्यता होत्या आणि त्या वेगळ्या करायला एक ढोबळ खूण आहे. औषध रक्तात जास्त झाल्याची चक्कर गोळी घेतल्यावर काही तासांनी वाढते, नजरेला एकाचे दोन दिसतात आणि पुढच्या गोळीपर्यंत जरा उतरते. सोडियमची गुंगी दिवसभर सारखी, त्यात मळमळ, डोकेदुखी, विसरभोळेपणा. पण खूण ही खूणच. सीरम सोडियम त्याच दिवशी करून घ्यायचं. तपासणी साधी असते, रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो.

काकूंचं १२८ आलं. आकड्यांचा अर्थ असा लावा: १३० ते १३५ असेल आणि त्रास नसेल तर डॉक्टरांना कळवून पुन्हा तपासणी. १३० खाली गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर. १२५ खाली, किंवा आकडा काहीही असला तरी माणूस गोंधळलेला, झोपाळू, उलट्या करणारा असेल किंवा फिट आली तर थेट रुग्णालय. फिटच्या रुग्णाला सोडियम उतरल्यानेच फिट वाढू शकतात. मग कुणीतरी "गोळी कमी पडतेय" म्हणून डोस वाढवतं आणि सोडियम आणखी खाली जातं. फिट अचानक वाढल्या तर डोस वाढवण्याआधी सोडियम बघा, असं मी प्रत्येक फिटच्या रुग्णाच्या घरी सांगते.

काकूंच्या डॉक्टरांनी तीन गोष्टी केल्या. बीपीच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड काढलं आणि नुसतं टेल्मिसार्टन जास्त ताकदीचं दिलं. पाणी, चहा, ताक सगळं धरून दिवसाला साधारण सव्वा लिटरची मर्यादा घातली. कार्बामॅझेपिन तेवढंच ठेवलं, वाढवलं नाही. तीन दिवसांनी सोडियम १३१, दहा दिवसांनी १३४. तोल सावरला. ते तसं सावरलं नसतं तर कार्बामॅझेपिन कमी करणं किंवा बदलणं हीच पुढची पायरी होती. पाण्याची मर्यादा मात्र डॉक्टरांनी घातली तरच पाळायची. सोलापूरच्या मे महिन्यात मनाने पाणी तोडलं तर मूत्रपिंडाला दुसराच त्रास व्हायचा.

मीठ वाढवून हे जमतं का? घरात पहिली सूचना तीच येते: पाण्यात मीठ-साखर घालून द्या, ओआरएस पाजा. ओआरएसच्या एका लिटरमध्ये सोडियमपेक्षा पाणीच जास्त जातं, आणि इथं पाणीच जास्त झालेलं असतं. मिठाने बीपी मात्र वाढतो. मिठाच्या गोळ्या कधी लागतात, पण त्या डॉक्टरांच्या हिशेबाने. रुग्णालयातही सोडियम सावकाश वर आणतात, २४ तासांत ८ ते १० आकड्यांपेक्षा जास्त नाही. घाईने वर नेलं तर मेंदूच्या आतल्या भागाला कायमची इजा होऊ शकते. "सलाइन लावून पटकन भरून काढा" असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका.

तपासणीच्या तारखा मी अशा लिहून देते: सुरुवातीला, दोन आठवड्यांनी, एक महिन्याने, तीन महिन्यांनी. डोस वाढला, बीपीची गोळी बदलली, जुलाब-उलट्या झाल्या, तर मधेही. तरुण, निरोगी, दुसरं काही औषध नसलेल्या माणसाला इतक्या वेळा लागेलच असं नाही, ते डॉक्टर ठरवतील. साठीपुढच्या आणि लघवीचं औषध घेणाऱ्यांसाठी मी हट्ट धरते. ऑक्सकार्बाझेपिनमध्ये सोडियम याहूनही जास्त वेळा उतरतं.

दुसऱ्या चिठ्ठीचा धोका

कार्बामॅझेपिन यकृतातल्या एन्झाइमांचं काम वाढवतं. ती एन्झाइम मग दुसरी औषधं लवकर संपवतात, आणि गंमत म्हणजे कार्बामॅझेपिनलाही. म्हणूनच तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात "आधी गोळी लागू पडली, आता कमी पडतेय" असं होतं. काकूंना महिन्याच्या शेवटी कळ परत जाणवू लागली ती यामुळे. डॉक्टरांना ते अपेक्षित होतं. सोडियम बघून त्यांनी डोस थोडा वाढवला.

त्यानंतर काकूंना खोकला झाला आणि दुसऱ्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहिलं. हे अँटिबायोटिक त्याच एन्झाइमांना अडवतं. कार्बामॅझेपिन रक्तात साठतं आणि दोन-तीन दिवसांत माणूस दारू प्यायल्यासारखा झुलतो, एकाचे दोन दिसतात, उलट्या होतात. एरिथ्रोमायसिनही तसंच. मी चिठ्ठी बाजूला ठेवून त्या डॉक्टरांना फोन केला आणि ॲझिथ्रोमायसिनवर काम भागलं, कारण ते ही एन्झाइमं फारशी अडवत नाही. साठण्याची शंका असेल तर रक्तातली पातळी तपासता येते, साधारण ४ ते १२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ठीक. पुढच्या गोळीच्या आधी रक्त द्यायचं.

आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्षित टक्कर गजकर्णाच्या गोळीशी आहे. इट्राकोनॅझोल उन्हाळ्या-पावसाळ्यात सर्रास चालतं, कधी चिठ्ठीशिवायही. ते कार्बामॅझेपिन वाढवतं, आणि कार्बामॅझेपिन इट्राकोनॅझोल इतकं उडवतं की महिना-महिना गोळ्या घेऊन गजकर्ण हटत नाही. फ्लुकोनॅझोलही कार्बामॅझेपिन वाढवतं. मलमावर भागत असेल तर मलमावरच भागवावं. टीबीच्या उपचारात आयसोनियाझिड कार्बामॅझेपिन वाढवतं आणि रिफॅम्पिसिन कमी करतं. तिथं डॉक्टरांनी पातळी बघत बघतच चालावं लागतं. बीपीचं डिल्टियाझेम आणि व्हेरापॅमिल हेही वाढवणाऱ्यांत.

दुसरी बाजू, म्हणजे कार्बामॅझेपिनने ज्यांचा जोर जातो ती औषधं, जास्त घातक, कारण त्यात चक्कर-बिक्कर काही येत नाही. काकूंच्या ॲटॉरव्हास्टॅटिनचा परिणाम कमी झाला, म्हणून कोलेस्टेरॉल तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं. ॲम्लोडिपिनचंही तसं होतं, बीपी विनाकारण चढतो. रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिन, ॲपिक्साबॅन, रिव्हारॉक्सॅबॅन कमी पडली तर गुठळी होते. हृदयाच्या किंवा लकव्याच्या रुग्णाने कार्बामॅझेपिन सुरू करण्याआधी दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावावं.

तरुण बायकांना मी हे बाजूला घेऊन सांगते. संततिनियमनाच्या गोळ्या कार्बामॅझेपिनसोबत भरवशाच्या राहत नाहीत, आणि ७२ तासांची गोळीही नेहमीच्या डोसमध्ये नाही. तांबी किंवा तीन महिन्यांचं इंजेक्शन चालतं. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी डॉक्टर, कारण या औषधाने बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष राहण्याचा धोका वाढतो. फोलिक ॲसिड आणि औषधाचा फेरविचार दिवस जाण्यापूर्वी व्हायला हवा. दिवस गेल्याचं कळल्यावर भीतीने गोळी एकाएकी बंद करणं हेही तितकंच वाईट.

गोळी बंद होताना

पुरळीमुळे बंद झाली असेल तर एका कागदावर औषधाचं नाव, पुरळीची तारीख, तिचा प्रकार आणि भावकीतल्या औषधांची नावं लिहून तो कागद आधारकार्डासोबत ठेवा. मोबाइलमध्ये फोटो असू द्या. अशा माणसाला कार्बामॅझेपिन पुन्हा "थोडं देऊन बघू" म्हणून कधीही देत नाहीत.

पुरळ नसताना, कळ थांबली म्हणून किंवा फिट बऱ्याच वर्षांत आल्या नाहीत म्हणून बंद करायची असेल, तर डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतात. या वेळी उलटा हिशेब सुरू होतो. वाढलेली एन्झाइम दोन-तीन आठवड्यांत शांत होतात आणि ज्या औषधांचे डोस कार्बामॅझेपिनमुळे वाढवले होते ती आता जास्त होतात. वॉर्फरिन घेणाऱ्याला रक्तस्राव होतो तो इथंच. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआर या काळात दर आठवड्याला बघा, आणि बीपी घरच्या यंत्रावर सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून ठेवा.